‘ना’ न लावलेलं वाक्य

मागच्या महिन्यात मी एका माणसाच्या वतीने एक वाक्य बोललो. इनमीन तीन शब्दांचं. त्यात शिवी नव्हती, टोमणा नव्हता, आणि ऐकणाऱ्या चौघांपैकी दोघांना तर त्यात काही खटकलंही नसेल. मला मात्र ते पुन्हा पुन्हा ऐकू येतं, दात घासताना, जिना उतरताना, आणि दर वेळी मी मनातल्या मनात ते मागे घेतो. बोललेलं मागे घेता येत नाही, हे माझ्यासारख्याला कुणी सांगायला नको. मी आयुष्यभर एकेक शब्द बाहेर काढण्यासाठी इतका झटलो आहे, की निघालेल्या शब्दाची किंमत मला जरा जास्तच ठाऊक आहे. मी तोतरा बोलतो. आणि तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, त्या सकाळी माझ्या तोंडून ते वाक्य गेलं, आणि तेही कसं? लोण्यातून सुरी फिरावी तसं.

सकाळी फिरून आल्यावर मी एका टपरीवर चहा घेतो. टपरीवाल्यांना सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मी पोहोचतो तेव्हा अजून पुरतं उजाडलेलं नसतं आणि पहिलं आधण चढलेलं असतं. हे पहिलं पातेलं छोटं असतं, पाच-सहा ग्लासांपुरतं. दिवसभराचं मोठं पातेलं नंतर येतं. आधी पाणी आणि साखर, पाण्याला खळखळून उकळी आली की पत्ती, आणि मग मामा काहीच करत नाहीत. दूध घालायची घाई नाही. पळीभर काळं पाणी वर उचलायचं, उंचावरून धार सोडायची, धारेचा रंग बघायचा, पुन्हा थांबायचं. दूध लवकर पडलं तर पत्तीचा तुरटपणा दुधातच जिरतो आणि चहा नुसता गोड लागतो, असं ते एकदा कुणाला तरी सांगत होते. रंग मनासारखा झाला की दूध. आणि दूध पडलं, की मग मात्र मामांची नजर पातेल्यावरून हलत नाही. साय धरायला लागते, तिच्याखाली वाफ कोंडते, कडेने फेस चढायला लागतो. तो काठाला टेकणार तेवढ्यात मामा पातेलं सांडशीने उचलतात, जरा हिंदकळतात, परत ठेवतात. असं तीनदा. मी चार वर्षांत त्यांचं दूध एकदाही उतू गेलेलं पाहिलं नव्हतं.

पहिल्यांदा फेस चढत असतो त्या सुमाराला काका येतात. रोज. साठीच्या पुढचे, गळ्याला मफलर, काखेत घडी केलेलं वर्तमानपत्र. ते बाकाच्या डाव्या टोकाला बसतात. मी त्यांच्या आधी आलेलो असतो, कधी माझ्याही आधी दुसरं कुणी तरी आलेलं असतं, पण मामांच्या तोंडून दिवसाचा पहिला शब्द निघतो तो काकांसाठी. आम्ही सगळे त्याआधी नुसते मानेने हलतो. मान वर न करता, हातात सांडशी, डोळे फेसावर, मामा म्हणतात :

“नमस्कार काका. आज वारा आहे.”

आणि काका काही बोलत नाहीत.

मान हलवत नाहीत, हात वर करत नाहीत, हसत नाहीत. वर्तमानपत्र उघडतात. मामा पातेलं उचलतात, ठेवतात. चहा गाळतात, पहिला ग्लास काकांपुढे ठेवतात. मग कुठे आमच्याकडे वळून “काय म्हणताय? आज उशीर केलात!” वगैरे सुरू होतं. चार वर्षांत मी हा नमस्कार हजारभर वेळा तरी ऐकला असेन, आणि त्याचं उत्तर एकदाही ऐकलं नाही.

सुरुवातीला मला वाटायचं, मामांचा हा हट्ट आहे. कधी तरी हा माणूस बोलेल म्हणून ते रोज खडा टाकून बघतात. आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला, समोरच्याने ओ दिली नाही की आधी चुटपुट लागते आणि मग चीड येते. दहा दिवसांत तो नमस्कार थांबवतो आणि अकराव्या दिवसापासून इतरांना सांगतो की फार शिष्ट माणूस आहे. मामांचं तसं काहीच झालेलं दिसत नव्हतं. मग केव्हा तरी माझं लक्ष त्यांच्या दुसऱ्या वाक्याकडे गेलं. ‘आज वारा आहे.’ ‘आज ढग आलेत.’ ‘काल रात्री लाइट गेली होती.’ ‘पत्ती नवीन आणलीये.’ रोज नवं, पण घडण तीच. नमस्कार काका, आणि श्वास न घेता लगेच एक साधी बातमी. आणि त्या बातमीच्या शेवटी ‘ना’ नाही.

हे कळायला मला दोन वर्षं लागली आणि कळल्यावर मी चहाचा ग्लास खाली ठेवला. “आज वारा आहे ना?” असं आपण किती सहज म्हणतो. त्या एका ‘ना’ने वाक्य समोरच्याच्या हातात जातं, आता निदान ‘हो’ म्हणणं त्याला भाग. मामा बाकी सगळ्यांशी ‘ना’ लावूनच बोलतात. “साखर कमी ना?” “पोरगी आली ना परत?” फक्त काकांशी बोलताना वाक्य पुरतं बंद करतात, वर झाकण लावतात. आणि नमस्कारानंतर जी पोकळी उरते, जिच्यात समोरच्याचा नमस्कार पडायचा असतो, ती ते स्वतःच वाऱ्याने, ढगाने, पत्तीने भरून टाकतात. काकांना उत्तर न देण्याची वेळच येत नाही.

ही पोकळी किती मोठी असते, याचा मी बराच अभ्यास केलेला आहे. हौसेने नव्हे. बोलण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी 1970 च्या दशकात एक साधी गोष्ट नीट मांडून ठेवली, की संभाषणातली काही वाक्यं जोडीनेच असतात. प्रश्न आणि उत्तर, हाक आणि ओ, नमस्कार आणि नमस्कार. जोडीतलं पहिलं पडलं, की दुसऱ्याची जागा तयार होते, आणि ती रिकामी राहिली तर ते रिकामपण सगळ्यांना ऐकू येतं. त्यानंतर 2009 साली एका संशोधक गटाने दहा भाषांतली संभाषणं मोजली. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या, जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या भाषा. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं सरासरी अंतर निघालं सुमारे एक पंचमांश सेकंद. थोडं इकडे, थोडं तिकडे. पापणी लवण्याइतकाच वेळ. गंमत पुढे आहे. समोर ठेवलेल्या चित्राचं नुसतं नाव घ्यायचं म्हटलं, तरी डोक्यात शब्द सापडून तो तोंडाशी यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. म्हणजे माणसं समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं उत्तर पातेल्यात चढवून बसलेली असतात. सगळ्या जगाचं गप्पा मारणं या घाईवर चाललेलं आहे, आणि त्या घाईत एक सेकंदाची शांतताही भलामोठा खड्डा वाटते. माझा एकेक अडथळा तीन-तीन, चार-चार सेकंदांचा असतो.

तोतरं बोलणं म्हणजे त-त-प-प, असं लोकांना वाटतं. ते असतंही, पण लहानपणी जास्त. मोठेपणी माझ्यासारख्याचं बरंचसं तोतरेपण आवाजच करत नाही. शब्द मला माहीत असतो, अगदी लख्ख. जीभ जागेवर असते. आणि घसा बंद होतो, दाराला आतून कुणी तरी पाठ लावून उभं राहावं तसा. बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच की हा माणूस काही बोलत नाहीये. शंभर मोठ्या माणसांत साधारण एकाला हे असतं, बायकांपेक्षा पुरुषांना बरंच जास्त. आम्ही त्यातून वाटा काढतो. अवघड शब्द दिसला की शेजारचा सोपा शब्द उचलायचा. ‘परवा’ अडणार असेल तर ‘त्या दिवशी’. ‘काल’ अडणार असेल तर ‘आदल्या दिवशी’. माझा शब्दसंग्रह चांगला आहे असं लोक म्हणतात, त्याचं कारण हे. पण काही शब्दांना शेजारी नसतो. स्वतःचं नाव. फोनवरचं ‘हॅलो’. आणि नमस्काराचं उत्तर. ते ठरलेलं असतं, त्याच शब्दात द्यायचं असतं, आणि पापणी लवायच्या आत. म्हणून मोठमोठी भाषणं निभावणारे तोतरे नमस्काराशी येऊन अडतात. मी कितीदा तरी समोरून ओळखीचा माणूस येताना दिसला म्हणून रस्ता ओलांडला आहे. त्यातल्या किती जणांनी मला शिष्ट म्हटलं असेल, ते म्हणोत.

शाळेत हजेरी व्हायची. नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं. हा ‘ह’ फार लबाड आहे. त्यात पकडायला काहीच नसतं, नुसती हवा. हवा निघून जायची आणि मागून आवाज यायचा नाही. गुरुजी वर बघायचे, वर्ग वळून बघायचा, कुणीतरी फिसकन हसायचं. मग एके दिवशी माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राने माझं नाव आल्यावर माझ्या जागी ‘हजर’ म्हटलं. गुरुजींनी टिंब मारलं आणि पुढचं नाव घेतलं. इतकं सोपं! त्यानंतर अख्खं वर्षभर तोच माझा ‘हजर’ म्हणत होता. मी त्याच्यावर जीव टाकायचो, त्याला माझ्या पेन्सिली द्यायचो. जानेवारीत तो गोवराने पंधरा दिवस घरी राहिला. पहिल्या दिवशी माझं नाव आलं, मी तोंड उघडलं, गुरुजी दोन क्षण थांबले आणि पुढे गेले. मी बाकावर बसलेलो होतो. माझ्या पुढ्यात वही उघडी होती. आणि हजेरीत मी गैरहजर होतो. पंधरा दिवस. वर्षभर दुसऱ्याने माझा आवाज काढल्याने माझा स्वतःचा जो काही तोडकामोडका आवाज होता, तो कुणाच्या हिशेबातच राहिला नव्हता. माझ्यासुद्धा.

तर हे सगळं मला माहीत होतं. म्हणून तर त्या वाक्याची लाज जास्त वाटते.

मामांनी माझ्याही बाबतीत असंच काही तरी केलं होतं, हे मला काकांचा ‘ना’ सापडल्यावर उलटं मोजत गेल्यावर दिसलं. टपरीवर पहिल्यांदा आलो तेव्हा ‘कमी साखर’ म्हणताना मी ‘क’वर अडकलो होतो. मामा पत्तीचा डबा पुसत होते, पुसतच राहिले. माझं झाल्यावर म्हणाले, “बरं.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला काही विचारलंच नाही, ग्लास पुढे करायचे आणि म्हणायचे, “कमी साखर ना?” मान हलवली की काम झालं. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, काय स्मरणशक्ती आहे या माणसाची. माझ्यासाठी ‘ना’ लावायचा, काकांसाठी काढायचा. एकाला मानेवर भागतं, दुसऱ्याला मानही नको. हे त्यांनी कधी ठरवलं, ठरवलं की नुसतं हाताला जमत गेलं, कोण जाणे. मी एकदा आडवळणाने विचारलं होतं, की नमस्कार करताना तुम्ही काकांकडे बघत का नाही? मामा म्हणाले, “अहो, दूध उतू जाईल की.”

काका का बोलत नाहीत? मी याचा अंदाज बांधण्यात जेवढा वेळ घालवला तेवढ्यात एखादी भाषा शिकून झाली असती. कान शाबूत आहेत. मागे सायकलची घंटा वाजली की ते पाय आत घेतात. अर्धांगाने वाचा गेली असावी म्हणावं तर चाल सरळ आहे आणि पेपर ते शब्दन् शब्द वाचतात, कधी पान मागे उलटून पुन्हा वाचतात. मफलरीमुळे वाटायचं, घशाचं काही ऑपरेशन झालं असेल. पण एकदा उकाड्यात मफलर नव्हती आणि गळ्यावर काही खूण नव्हती. मग मनाने आपल्याला हवी ती गोष्ट धरली. हे माझ्यातलेच. एवढ्या वर्षांनी रस्ता ओलांडण्याचा कंटाळा आला, आणि त्यांनी बोलणंच ओलांडलं. मला हे इतकं पटलं की मी त्यांच्या शेजारी बसताना मनातून त्यांना आपला माणूस म्हणू लागलो. त्यांना याची काडीचीही कल्पना नव्हती, हे सांगायला नको.

त्या सकाळी बाकावर एक नवा मुलगा होता. विशी-बाविशीचा, पाठीला सॅक, रात्रपाळीहून घरी निघालेला असावा. चेहरा चांगला होता, खोडसाळ नव्हता. मामांचं “नमस्कार काका. आज धुकं उतरलंय,” झालं. काकांनी पेपर उघडला. मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला, मग मामांकडे, मग परत काकांकडे. आणि त्याने अगदी मोकळेपणाने सांगितलं, “काका, ते तुम्हाला नमस्कार म्हणाले.” त्याला खरंच वाटलं असणार की यांना ऐकू गेलं नाही. मामांची सांडशी हवेत थांबली. काकांनी पेपर जरासा खाली केला. त्यांचा ओठ हलला की नाही हे मी आता शपथेवर सांगू शकत नाही. मला वाटतं खालचा ओठ आत ओढला गेला. ती पोकळी उघडली होती. एक सेकंद गेला. दीड. मला माझ्या छातीत ती कळ लागली, वर्गातली, सगळ्यांनी वळून बघण्याची. आणि मी म्हणालो :

“त्यांचाही नमस्कार आहे.”

न अडखळता. ‘त’वर मी एरवी हमखास अडतो. तो कुठे गेला कळलंही नाही. वाक्य असं निघालं की माझं मलाच नवल वाटलं आणि, आता लपवण्यात काय अर्थ आहे, मला आनंद झाला. पुढचे दोन-तीन क्षण मी त्या आनंदातच होतो. एवढं सरळ वाक्य, चारचौघांत, अनोळखी माणसासमोर! मुलगा “अच्छा अच्छा” म्हणून मोबाइलमध्ये गेला. मी बाजूला बघितलं तेव्हा काका पेपरची घडी घालत होते. सावकाश, कडेला कड जुळवत. ग्लास अर्धा भरलेला होता. तो त्यांनी फळीवर ठेवला आणि ते निघून गेले.

मामांनी तो ग्लास उचलला, चहा ओतून टाकला, विसळला. बऱ्याच वेळाने, मुलगा गेल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्यांचं त्यांच्यापाशी राहू द्यायचं होतं, दादा.” एवढंच. आवाज चढलेला नव्हता. मला काहीतरी बोलायचं होतं, पण आता सगळे शब्द जागच्या जागी घट्ट बसले होते, ‘हो’सुद्धा.

माझं वाक्य का अडलं नाही, हे मला कारणासकट माहीत आहे, आणि ते जास्त लागतं. आम्ही लोक गाताना अडत नाही. चारजणांबरोबर एका सुरात म्हणताना अडत नाही. नाटकात दुसऱ्याची भूमिका घेतली, दुसऱ्याची लकब उचलली, की पुष्कळांचं अडखळणं पळतं. मी शाळेच्या नाटकात राजा झालो होतो आणि राजा एकदाही तोतरा बोलला नव्हता, उतरल्यावर आईला “कसं झालं?” विचारताना मात्र पुन्हा मीच. स्वतःच्या वतीने, ऐकणारा समोर असताना, आपल्या शब्दाची जबाबदारी आपल्यावर असताना ते होतं. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी 2021 साली छापलेल्या एका अभ्यासात तोतरं बोलणाऱ्या माणसांना असं एकटं सोडलं होतं की आपलं कुणी ऐकत नाही याची त्यांना खात्री वाटावी. ती स्वतःशी बोलताना जवळजवळ अडलीच नाहीत. तेव्हा त्या सकाळी मी जे अस्खलित बोललो, ते काकांचा आवाज पांघरून. मित्राने माझा ‘हजर’ म्हटला होता, तसा मी त्यांचा नमस्कार म्हटला. फरक एवढाच, की मित्राला त्यातून काही मिळत नव्हतं, पेन्सिली सोडल्या तर. मला मिळालं.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पहिल्या आधणाचा फेस चढायचा, मामा तीनदा पातेलं उचलायचे, आणि त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. चहा गाळून झाला तरी नाही. मग कुणी तरी “मामा, एक द्या” म्हणायचं आणि तसाच, नमस्काराशिवाय, दिवस सुरू व्हायचा. बाकाच्या डाव्या टोकाला कुणी बसत नव्हतं. मी टपरी बदलायचा विचार केला. तसं करणं म्हणजे पुन्हा रस्ता ओलांडणं, म्हणून नाही बदलली. की मामांच्या हातच्या चहाची सवय सुटेना म्हणून? दोन्ही असेल.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मला काका दिसले, टपरीपासून बऱ्याच अंतरावर, एका बंद दुकानाच्या पायरीवर. पुढ्यात एक कुत्री बसली होती, पोट सुटलेली, बहुधा गाभण. काका वाकून तिच्या कानामागे खाजवत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. खूप वेळ, भराभर, मध्ये जरा थांबून, पुन्हा. मी रस्त्याच्या पलीकडे होतो. मधून गाड्या जात होत्या. काही ऐकू आलं नाही. ते बोलत होते, की चुचकारत होते, की पुटपुटत काही म्हणत होते? आम्ही जनावरांशी अडत नाही. पण जनावरांशी असं कोण बोलत नाही? मी क्षणभर पाऊल पुढे टाकलं, ऐकता येईल एवढं. मग पाऊल मागे घेतलं. या खेपेला रस्ता न ओलांडणंच बरोबर होतं, असं मला वाटतं. वाटतं, एवढंच.

नवव्या दिवशी काका आले.

मामा पातेल्यापाशीच होते. दूध नुकतंच पडलं होतं. “नमस्कार काका. गॅस जरा मंद येतोय आज,” ते म्हणाले, काल भेटले असावेत तसे. काका डाव्या टोकाला बसले. पेपर उघडला. मी आठ दिवस एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. ‘परवा मी उगाच बोललो’ हे पहिलं, त्यात ‘प’. म्हणून ‘त्या दिवशी मी उगाच बोललो’. त्यात ‘त’, आणि आता तो ‘त’ मला राजाचा वेष घेतल्याशिवाय मिळणार नव्हता. ‘माझं चुकलं.’ दोनच शब्द. ‘म’ तसा सोपा, ओठ मिटून गुणगुणता येतो. मी त्यांच्याकडे वळलो आणि म्हणालो, “मा.”

आणि दार लागलं.

मला माझे डोळे मिटल्याचं कळलं, ते माझे मिटतातच. ओठ एकमेकांवर दाबलेले. एक, दोन. अशा वेळी लोक काय करतात ते मला पाठ आहे. घाईने मान डोलावतात. “हां हां, कळलं,” म्हणतात. शब्द ओळखून पुरवतात, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. किंवा भलतीकडे बघायला लागतात. तीन, चार. मी डोळे उघडले तेव्हा काकांनी पेपर गुडघ्यावर ठेवलेला होता. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, दुसरीकडेही बघत नव्हते. माझ्या हातातल्या ग्लासाकडे, जवळपास कुठे तरी, नजर ठेवून बसले होते. मान हलत नव्हती. हसू नव्हतं. कीव नव्हती. बस येणार हे माहीत असलेला माणूस थांब्यावर उभा असतो, तसे ते होते. किती वेळ गेला कोण जाणे. “माझं,” मी म्हणालो. पुन्हा अडलं, ‘चु’वर. ते तसेच.

“माझं चुकलं.”

त्याच वेळी मागे चर्र झालं. मी दचकून वळलो. पातेल्यातून फेस काठावरून बाहेर, बाजूने खाली, बर्नरवर. निळी ज्योत पिवळी पडली, विझली. जळक्या दुधाचा वास सगळीकडे. मामा हातात सांडशी घेऊन उभे होते, आणि त्यांची नजर पातेल्यावर नव्हती. आमच्याकडे होती.

“च्यायला,” ते म्हणाले आणि फडकं शोधायला खाली वाकले. फळीखाली बराच वेळ शोधत राहिले. काकांनी पेपर पुन्हा उचलला आणि पान उलटलं. मी उठून बर्नरचा कॉक बंद केला. त्या दिवशी पहिला चहा सगळ्यांनाच वीस मिनिटं उशिरा मिळाला.